तिघींचा सराव : कुमारी गटाच्या कबड्डी संघाच्या प्रकल्प नोंदी

१५ जुलै

आज कबड्डी दिन, बुवा साळवींचा जन्मदिवस. नोंदवही आजपासून सुरू.

गाव पेण तालुक्यातलं, भातशेतीचं. मुली नऊ. वयाने सगळ्या कुमारी गटात बसतात, म्हणजे २० वर्षांच्या आत. वजनाची मर्यादा ६५ किलो आहे आणि आपली सर्वांत जड मुलगी ५७ किलोची, त्यामुळे काट्याची भीती नाही. अडचण उलटी आहे. समोरच्या संघात साठ किलोच्या पुढच्या दोघी-तिघी असणार आणि अंगाला अंग भिडलं की आपली मुलगी मागे ढकलली जाणार.

लक्ष्य : डिसेंबरमधली जिल्हा निवड चाचणी. सामने मॅटवर. आपल्याकडे मॅट नाही आणि आज तर मैदानही नाही. जिथे मैदान होऊ शकतं तिथे गुडघाभर पाणी आहे आणि लावणी चालू आहे.

नोंदींत मुलींची नावं नाहीत, बनियनचे नंबर आहेत. ३ डावा कोपरा, ५ उजवा कोपरा, २ मधली, ७ मुख्य चढाईपटू. बाकीच्यांचे नंबर लागतील तसे.

२ ऑगस्ट

लावणीमुळे पंधरा दिवसांत सहाच सराव झाले. जागा शाळेचा व्हरांडा : लांबी भरपूर, रुंदी अडीच मीटर, खाली शहाबादी फरशी. फरशीवर पकड शिकवायची नाही हे पहिल्याच दिवशी ठरवलं. ओली फरशी आणि कोपर यांची गाठ पडली की महिनाभर मुलगी घरी.

म्हणून इथे दोनच गोष्टी. पहिली दम. चढाई ३० सेकंदांची असते आणि तेवढा वेळ ‘कबड्डी कबड्डी’ पंचाला स्पष्ट ऐकू गेलं पाहिजे. उभं राहून सगळ्यांना जमतं. पाय हलायला लागले की विसाव्या सेकंदाला शब्दाचं ‘कबी कबी’ होतं आणि आवाज घशात जातो. कारण दमाचं नाही, घाईचं आहे. मुली पहिल्या पाच सेकंदांतच भराभर म्हणून हवा संपवतात. एका पावलाला एक ‘कबड्डी’ असा ताल बांधून दिला, तेव्हा नऊपैकी सहा जणी तिसाव्या सेकंदापर्यंत स्पष्ट राहिल्या.

दुसरी गोष्ट पवित्रा. गुडघे वाकलेले, टाचा कागद सरकेल इतक्याच वर, वजन अंगठ्याखालच्या चवड्यावर. बाजूला सरकताना पायात पाय अडकवायचा नाही. ९ नंबर सारखी अडकवते. तिच्या दोन पावलांमध्ये वीतभर काठी बांधावी असं वाटतं, पण बांधली नाही.

२४ ऑगस्ट

शेजारच्या तालुक्यातल्या एका चांगल्या संघाशी त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये सराव सामना. १२–४१. चार लोण, म्हणजे चार वेळा आपला सगळा संघ बाद.

आकड्यापेक्षा तो कसा झाला ते महत्त्वाचं. सात जणी असताना आपण तग धरत होतो. चार-पाच बाद झाल्या की उरलेल्या दोघी-तिघी अंतिम रेषेला चिकटून उभ्या राहत आणि एकेक करून टिपल्या जात. चारही लोण तीन खेळाडू उरल्यानंतर दोन-दोन चढायांत संपले. तिघी उरल्या म्हणजे खेळ संपला, आता लवकर बाद होऊन सगळ्यांनी परत आत यावं, असंच मुलींच्या मनात होतं. दोघींनी तसं बोलूनही दाखवलं.

नियम नेमका इथेच उलटा बोलतो. मैदानात तीन किंवा कमी रक्षक असताना चढाईपटू पकडली तर एकाऐवजी दोन गुण. वृत्तपत्रं तिला अव्वल पकड म्हणतात, मुली सुपर टॅकल. शिवाय आपली एक खेळाडू आत येते. दुसरं म्हणजे समोरची चढाईपटू तिघींवर येते तेव्हा ती सावध नसते. लोणाचे दोन गुण दिसत असतात, त्यामुळे ती खोल येते. सातजणींच्या भिंतीपुढे ती निदान रेषा ओलांडून परत गेली असती.

म्हणून प्रस्ताव : मैदान मिळालं की सरावाचा निम्मा वेळ फक्त तिघींचा.

३१ ऑगस्ट

प्रस्तावाला विरोध झाला, आणि तो चुकीचा नाही. ३ नंबर म्हणाली, “ताई, चौघी बाद झाल्यात असं धरूनच का खेळायचं? हरायचाच सराव झाला ना हा.” ती पुढचे चार दिवस आली नाही. घरी विचारलं तर गणपतीची तयारी हे कारण मिळालं.

मुद्दा खरा आहे. सातजणींची साखळी शिकवली नाही तर तिघींवर वेळ लवकर येईल. दुसऱ्या बाजूला हिशेब असा की नऊ मुलींत सात विरुद्ध सात कधीच उभं करता येत नाही. तीन विरुद्ध एक चढाईपटू मात्र एका वेळी दोन ठिकाणी चालतं आणि दर पाच मिनिटांनी गट बदलता येतो. म्हणजे तिघींचा सराव ही युक्ती जितकी आहे तितकीच नाइलाजाची सोय आहे. हे मुलींना आहे तसं सांगितलं. ३ नंबर पाचव्या दिवशी आली. काही बोलली नाही.

५ ऑक्टोबर

हळव्या भाताचं एक शेत मोकळं झालं. मालकाने मार्चपर्यंत दिलं आहे, अट एवढीच की बांध फोडायचा नाही.

मैदान तयार करण्याचा क्रम नोंदवून ठेवते, पुढच्या वर्षी पुन्हा लागेल. कुदळीने धसकटं मुळासकट काढली. वर राहिलेलं एक धसकट सुकलं की खिळ्यासारखं तळव्यात घुसतं. खालची भाताची माती चिकट आहे, वाळली की भेगा पडतात, म्हणून तिच्यावर तांबड्या मातीचा थर. महिला आणि कुमारी गटाचं मैदान १२ बाय ८ मीटर. चारही बाजूंनी एक मीटर जादा धरून १४ बाय १० मीटरवर पाच सेंटीमीटर थर द्यायला सात घनमीटर माती लागते, म्हणजे अडीच ब्रास. माती चाळून घेतली. पहिल्या ब्रासमधून पाटीभर खडे, काचेचे चार तुकडे आणि एक शिंपला निघाला. पाणी मारून रात्रभर मुरू दिलं, सकाळी धुमसाने चोपलं, मग पाण्याने भरलेलं पिंप त्यावरून फिरवलं.

कोणीतरी शेणसडा सुचवला. अंगणाला तो बरा दिसतो, पण पहाटे दव पडलं की त्यावरून पाय सटकतो. नाही घातला.

८ ऑक्टोबर

आखणी. मैदान काटकोनात आहे का हे डोळ्यांनी कळत नाही. अर्ध्या मैदानाची मापं सहा बाय आठ मीटर, त्यामुळे त्याचा कर्ण बरोबर दहा मीटर आला पाहिजे. आपला पहिल्यांदा दहा मीटर वीस सेंटीमीटर आला, म्हणजे एक कोपरा बाहेर फाकला होता. खुंटी हलवून पुन्हा मोजलं.

मध्य रेषेपासून निदान रेषा तीन मीटरवर, बोनस रेषा तिच्या पुढे एक मीटरवर. दोन्ही कडांना एक-एक मीटरचं राखीव क्षेत्र, म्हणजे झटापट सुरू होईपर्यंत खेळायची रुंदी फक्त सहा मीटर. रेषा फक्कीच्या. तासाभराच्या खेळात राखीव क्षेत्राची रेषा पुसली जाते आणि मुली ती पुन्हा मारायचा कंटाळा करतात.

१९ ऑक्टोबर

तिघींची रचना ठरली. दोन कोपरे अंतिम रेषेपासून एका पावलावर, मधली त्यांच्या अर्धा मीटर पुढे. सहा मीटर रुंदीत तिघी म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला दोन मीटर. वरून पाहिलं तर चपटा त्रिकोण, टोक मध्य रेषेकडे.

कामाची वाटणी अशी की पहिला हात फक्त कोपऱ्याचा. मधली चढाईपटूला पकडायला जात नाही. ती आपल्या जागेवरून एक पाऊल आत-बाहेर करून चढाईपटूला एका कोपऱ्याकडे सरकायला लावते, आणि कोपऱ्याने घोटा धरताच चढाईपटू व मध्य रेषा यांच्या मधोमध जाऊन उभी राहते. अंगावर झेप न घेता वाट अडवते. चढाईपटूचं सगळं बळ परतीच्या दिशेला असतं. मागून कंबर धरणारी तिच्याबरोबर ओढली जाते, समोर उभी राहणारी तिला थांबवते. तिसरी, म्हणजे लांबचा कोपरा, दुसऱ्या पायावर.

घोटा पकडीचे तपशील : चढाईपटूचा जो पाय जमिनीवर टेकत आहे आणि ज्यावर भार येतो आहे, तोच धरायचा. हवेतला पाय धरायला गेलं की तो लाथ होऊन परत येतो. एक हात टाचेमागे, दुसरा घोट्यावरून, बोटं एकमेकांत. खांदा नडगीला टेकलेला. डोकं पायाच्या बाहेरच्या बाजूला, कारण दोन पायांच्या मध्ये डोकं गेलं तर दुसऱ्या पायाचा गुडघा कानशिलावर बसतो. धरल्यावर पाय स्वतःकडे आणि थोडा वर ओढायचा. नुसता धरून पडून राहिलं तर ती फरफटत घेऊन जाते.

मोजणी : तिघींवर २० चढाया. चढाईला ७ नंबर आणि गावातले किशोर गटातले दोन मुलगे. पकडी ३.

२ नोव्हेंबर

भातकापणी आणि झोडणीचे दिवस, म्हणून सराव पहाटे साडेपाचला. सात मुली येतात. मोजणी २० पैकी ५.

चुकलेल्या पंधरापैकी नऊ वेळा एकच दोष दिसला. कोपऱ्याने योग्य वेळी हात घातला आणि मधली एक क्षण उशिरा निघाली. ती कोपऱ्याकडे बघत असते, पकड लागली याची खात्री झाली की निघते. तोवर चढाईपटूने दीड मीटर कापलेला असतो. उपाय म्हणून २ नंबरला कोपऱ्याकडे बघायचंच नाही असं सांगितलं. नजर चढाईपटूच्या कमरेवर ठेवायची. हात फसवतात, नजर फसवते, कंबर फसवत नाही. घोटा धरला गेला की कंबर खाली बसते. ते दिसलं की निघायचं.

दोन दिवस दोरीचा खेळ केला. कोपऱ्यातल्या मुलीने चढाईपटूच्या घोट्याची सैल दोरी अचानक ओढायची आणि २ नंबरने फक्त कंबर बघून पुढे व्हायचं. आधी ती फसव्या हालचालींवरही निघायची. दुसऱ्या दिवशी कमी.

९ नोव्हेंबर

२० पैकी ८. यापुढे वाढ होईल असं वाटत नाही. ७ नंबरला आता तिघींच्या सवयी पाठ झाल्या आहेत, आणि तिच्या चुकवण्याच्या सवयी तिघींना. आकडा चांगला दिसतो, पण घरचा आहे.

आज बाकी वेळ बोनसवर. समोर सहा किंवा जास्त रक्षक असतील तर एक पाय बोनस रेषेच्या पूर्ण पलीकडे टेकवायचा आणि त्या क्षणी मागचा पाय हवेत हवा. एक गुण मिळतो, पण त्याने आपली बाद खेळाडू आत येत नाही. तरी तिसऱ्या चढाईला तो उपयोगी आहे. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणलाच पाहिजे, नाही तर चढाईपटू बाद. बोनस घेतला तरी भागतं.

७ नंबरचा मागचा अंगठा जमिनीवर घासतो. तिला पटत नव्हतं. बोनस रेषेच्या अलीकडची मातीची पट्टी ओली करून हाताने सारवली आणि दहा वेळा पाय टाकायला लावला. सहा वेळा अंगठ्याची लांब रेघ उमटली. रेघ म्हणजे बोनस नाही. मग तिची समजूत काढावी लागली नाही. कारण साधं आहे : ती पुढचा पाय लांब टाकते आणि शरीर मागेच ठेवते, त्यामुळे मागच्या पायावर भार राहतो. छाती पुढच्या गुडघ्याच्या वर आणली की अंगठा आपोआप उचलतो.

ही सारवलेली पट्टी आता रोज. सगळ्या जणी एकमेकींच्या रेघा तपासतात, फार आवडीने.

१६ नोव्हेंबर

तालुक्याच्या गावी मॅटवर पहिला सराव. टेम्पोचं भाडं वर्गणीतून. बूट पाच जोड्या, नऊ मुली, अर्थात अदलाबदली. मापात न बसणाऱ्या बुटात दोन मोजे.

तिघींची मोजणी २० पैकी २.

पहिल्यांदा वाटलं, घाबरल्या. तसं नाही. ३ आणि ५ दोघींचे हात वीतभर कमी पडत होते, प्रत्येक वेळी. मातीवर कोपरा झेप घेतो तेव्हा अंग जमिनीला लागल्यावरही फूटभर पुढे घसरतं, आणि तो फूटभर मुलींनी नकळत हिशेबात धरला आहे. मॅटवर अंग लागलं की तिथेच थांबतं. म्हणजे झेप मातीइतकीच होती, घसरण नव्हती. वर कोपर आणि गुडघ्याची कातडी सोलवटते ते वेगळं.

पायांचंही तसंच. मातीवर अनवाणी वळताना पाऊल थोडं फिरतं. मॅटवर बूट रोवला जातो, वरचं शरीर वळतं आणि सगळा पीळ गुडघ्यात येतो. ९ नंबरने ‘आई गं’ केलं. सूज नाही, पण तिला बसवलं. उरलेल्यांना वळताना एक छोटं पाऊल जादा टाकायला लावलं. एका फटक्यात वळायचं नाही.

१७ ते २८ नोव्हेंबर

मॅट आणखी दोनदाच मिळाली. गावात काय करता येईल? मातीवर झेप घेण्याआधी कोपऱ्याने अर्धं पाऊल पुढे यायचं, मग हात घालायचा. मातीवर हे जास्त होतं, मुली चढाईपटूच्या पायांवर जाऊन आदळतात, तरी तसंच करवून घेतलं. अर्ध्या पावलाची किंमत अशी की कोपरा लवकर दिसतो. चढाईपटूला हाताने टिपायला तो जवळ येतो. म्हणून ते पाऊल मधलीच्या फसव्या हालचालीच्या आडूनच टाकायचं, आधी नाही.

२८ तारखेला मॅटवर २० पैकी ६. यात भर पडायला आता दिवस नाहीत.

६ डिसेंबर

सकाळी वजनं, नखं, दागिने. नखं कापलेली हवीत. कानातलं, नथनी, बांगड्या, पैंजण सगळं काढायचं. अंगाला तेल नको. ४ नंबरच्या कानातल्याचं मळसूत्र गच्च बसलं होतं, पक्कड शोधण्यात वीस मिनिटं गेली. पुढच्या वेळी आदल्या रात्री.

सामना दुपारी, १५-५-१५ मिनिटांचा. समोरचा संघ गेल्या वर्षी उपांत्य फेरीत खेळलेला. त्यांची मुख्य चढाईपटू ११ नंबर, उंच, लांब पाय, बहुतेक वेळा आपल्या डाव्या कोपऱ्यावर येणारी.

मध्यंतर ७–१४. त्यांच्या १४ मध्ये दहा खेळाडू बाद, दोन बोनस, दोन लोणाचे. आपल्या सातमध्ये तीन बोनस आणि चार बाद. तिघींवर आलो तेव्हा ५ नंबरने घोटा धरायला झेप घेतली, मातीवरची. हात कमी पडला. पुढच्याच मिनिटात लोण. ७ नंबर एकदा स्पर्श होण्याआधीच राखीव क्षेत्रात पाय टाकून स्वतःच बाद झाली. त्याचं मूळ आपल्या शेतात आहे : पुसलेली फक्की पुन्हा मारली नाही, म्हणून त्या रेषेची सवयच लागली नाही.

मध्यंतराच्या पाच मिनिटांत एकच सूचना. अर्धं पाऊल. बाकी पाणी.

दुसऱ्या डावाच्या नवव्या मिनिटाला ११–२१. आपल्या तिघी उरलेल्या : २, ३, ५. त्यांच्या सातही आत. सहा मिनिटं बाकी. इथे त्यांनी सावध चढाया करून वेळ काढला असता तर आपल्याकडे काही उत्तर नव्हतं. पण दुसरा लोण समोर होता आणि ११ नंबर आली.

तिने डाव्या कोपऱ्याकडे दोनदा पाय फेकला. २ नंबर एक पाऊल मागे गेली, वाट मोकळी दिसली, ११ नंबर आणखी आत. तिचा उजवा पाय टेकला तेव्हा ३ नंबर अर्धं पाऊल पुढे आलेलीच होती. घोटा. कंबर खाली बसली आणि २ नंबर मध्ये जाऊन उभी. ११ नंबरने तिला छातीने ढकललं, ती दोन पावलं मागे सरली, पण तोवर ५ नंबरचे हात दुसऱ्या पायावर होते. अव्वल पकड, १३–२१. आपल्या चौघी.

आपली चढाई रिकामी. त्यांच्या दुसऱ्या चढाईपटूने नुकत्याच आत आलेल्या ४ नंबरला टिपलं, १३–२२, पुन्हा तिघी. आपली आणखी एक रिकामी. त्यांची चढाई पुन्हा खोल, या वेळी उजव्या कोपऱ्यावर, आणि ५ नंबरचा हात पोचला. १५–२२.

आता आपली तिसरी चढाई. समोर सहा जणी, बोनस पुरेसा होता. ७ नंबर बोनससाठी झुकली, डावी साखळी तिच्यावर धावून आली आणि दोघींनाही हाताचा स्पर्श झाला. १७–२२. आपल्या सहा, त्यांच्या चार.

पुढची त्यांची चढाई साखळीने पकडली, १८. आपल्या सातही आत. ७ नंबरने एक टिपली, १९. मग दोन्हीकडे एक-एक रिकामी. त्यांच्या दोघींपैकी एक चढाईला आली आणि निदान रेषा ओलांडून वळताना सापडली, २०. उरलेल्या एकटीवर ७ नंबर गेली. ती मागे सरकत राहिली आणि तिची टाच अंतिम रेषेबाहेर पडली. बाद, आणि लोण. २३–२२.

शेवटची चढाई त्यांची, ११ नंबर. लोणानंतर त्यांच्या सगळ्या परत आत, आणि समोर आपल्या सात, म्हणजे बोनस चालू. एका बोनसने बरोबरी. तिने पंचवीस सेकंद वाट पाहिली आणि मग उजव्या बाजूला लांब पाय टाकला, रेषेच्या पूर्ण पलीकडे. ती परत गेली, हात वर केला. पंचांनी बोनस दिला नाही : मागचा पाय जमिनीवर. त्यांच्या संघाने दाद मागितली, निर्णय राहिला.

तिचा अंगठा टेकलेला होता का? बाजूने पाहता टेकल्यासारखा वाटला. मॅटवर रेघ उमटत नाही.

७ डिसेंबर

सकाळी साडेसातला उपांत्यपूर्व फेरी. १९–३४. रात्री मुक्कामाच्या खोलीत पंखे कमी आणि माणसं जास्त, झोप झाली नाही. ३ नंबरचा घोटा रात्री सुजला होता. वीस-वीस मिनिटं बर्फ लावला, पट्टी बांधली, पण भार येत नव्हता म्हणून खेळवली नाही. तिच्या जागी ६ नंबर. तिघींवर पाच वेळा आलो, अव्वल पकड एकही नाही. डाव्या कोपऱ्याला दुसरी मुलगी तयार केलेली नव्हती. मोजण्या सगळ्या त्याच तिघींच्या.

१० डिसेंबर

शेत मार्चपर्यंत आहे. बोनस रेषेच्या अलीकडची पट्टी भेगाळली, अर्धी पाटी तांबडी माती आणि पाणी. राखीव क्षेत्राची रेषा फक्कीने मारायची जबाबदारी आजपासून ७ नंबरकडे, दर वीस मिनिटांनी.

डाव्या कोपऱ्यात ६ नंबर. ३ नंबर खुर्चीवर बसून मोजणी लिहिते आहे. २० पैकी १.